पंप एका दिवसात की दोन महिन्यांत? कारखान्याची खरेदी आणि नगरपंचायतीची खरेदी

अंबडचा_खरेदीदार

नमस्कार मंडळी. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो. माझे आईवडील नाशिक जिल्ह्यातील एका नगरपंचायतीच्या हद्दीत राहतात. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. तेथील नळपाणी योजनेचा चाळीस अश्वशक्तीचा पंप उन्हाळ्याच्या तोंडावर जळाला आणि नवा पंप बसेपर्यंत जवळजवळ दोन महिने गाव टँकरवर होते. योगायोग असा की त्याच काळात आमच्या कारखान्यातलाही तेवढ्याच ताकदीचा पंप गेला. मी सकाळी अकरा वाजता तीन पुरवठादारांना फोन केले, दुपारी एक वाजता मालकांची संमती घेतली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंप फिरू लागला.

माझा प्रश्न भ्रष्टाचाराविषयी नाही. सगळे प्रामाणिक आहेत असे गृहीत धरले तरी एवढा फरक का पडावा? व्यवस्थापन म्हणून पाहिले तर वस्तू तीच, बाजार तोच आणि पुरवठादारही बहुधा तेच आहेत.

सिन्नरचा_व्यापारी

उत्तर सोपे आहे. सरकारी खात्याला सर्वांत स्वस्त तेच घ्यावे लागते, मग ते कितीही टाकाऊ असो. तुम्ही चांगले बघून घेता, ते स्वस्त बघून घेतात. शिवाय पैसा स्वतःचा नसतो, त्यामुळे घाईही नसते आणि जबाबदारीही नसते. तुमची खरेदी चुकली तर तुमची नोकरी जाईल; त्यांचे कोणाचे काही जात नाही.

निवृत्त_पाणीपुरवठा

मी बत्तीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या कामात होतो, त्यांतली बरीचशी नगरपालिकांमध्ये. व्यापारीसाहेबांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, पण चुकलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

समजा दोन पंपांचे देकार आले आहेत, एक ४,१०,००० रुपयांचा आणि दुसरा ४,५०,००० रुपयांचा. महाग पंप तेवढेच पाणी उचलताना पाच टक्के कमी वीज खातो. चाळीस अश्वशक्ती म्हणजे ढोबळमानाने तासाला तीस युनिट. रोज सोळा तास पंप चालला तर ४८० युनिट होतात आणि त्यांतले पाच टक्के म्हणजे दिवसाला २४ युनिट. वर्षाला ८,७६० युनिट वाचले आणि दर सात रुपये धरला, तर एकसष्ट हजारांच्या वर रक्कम झाली. चाळीस हजारांचा फरक आठ महिन्यांत भरून निघतो. अंबडकर, तुम्ही हा हिशेब दोन्ही देकार समोर ठेवून कराल आणि महाग पंप घ्याल. तुम्हाला कोणी विचारणार नाही; विचारलेच तर मालक विचारतील आणि हिशेब पाहून शाबासकी देतील.

नगरपंचायतीच्या अभियंत्यालाही हा हिशेब येतो. परंतु विजेचा खर्च धरून तुलना केली जाईल, असे निविदेत आधी लिहिलेले नसेल तर लिफाफे उघडल्यानंतर त्याला तो हिशेब वापरता येत नाही. लिहिलेले असेल, तर महाग पंप घेण्यास कायद्याची काहीच आडकाठी नाही. म्हणून ‘स्वस्त तेच घ्यावे लागते’ हे म्हणणे खरे नाही. निवडीचा निकष देकार पाहण्यापूर्वी जाहीर करावा लागतो आणि नंतर बदलता येत नाही, हे खरे आहे. तुम्ही पाहून ठरवता, आम्हाला ठरवून पाहावे लागते. आमच्याकडच्या निम्म्या वाईट खरेदीचे मूळ घाईघाईने जुन्या निविदेची नक्कल करणाऱ्या अंदाजपत्रकात असते, शेवटच्या निवडीत नसते.

आता दिवसांचे पाहू. माझ्याच एका जुन्या कामाचे दिवस सांगतो, कारण ते मी वहीत लिहून ठेवले होते. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता आणि सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता यांत १४ दिवस गेले. लेखाशीर्षात पुरेशी तरतूद नव्हती, म्हणून पुनर्विनियोजनासाठी, म्हणजे दुसऱ्या शीर्षातला पैसा इकडे वळवण्यासाठी, सभेची वाट पाहण्यात १६ दिवस गेले. ई-निविदेची मुदत १५ दिवसांची होती. दोनच देकार आल्यामुळे ७ दिवसांची मुदतवाढ द्यावी लागली आणि तांत्रिक व आर्थिक लिफाफ्यांची छाननी होऊन कार्यादेश निघेपर्यंत ६ दिवस लागले. एकूण ५८ दिवस झाले. पंप उतरवायला पाऊण दिवस लागला.

अंबडचा_खरेदीदार

काका, हिशेब पटला. पण मुळात अशी बंदी का असावी? देकार पाहिल्यावर अधिक चांगला विचार सुचला, तर तो वापरू न देणे हे व्यवस्थापनाच्या दृष्टीने विचित्र वाटते. मीही काही वेळा तिन्ही पुरवठादारांना पुन्हा फोन करून ‘अमका इतक्याला देतोय, तू किती उतरशील?’ असे विचारतो.

कॉलेजरोडची_वकील

येथे कायद्याची बाजू येते, म्हणून मी लिहिते.

तुमचा मालक आपल्या मेहुण्याकडून पंप घेऊ शकतो. त्याला कारण सांगावे लागत नाही आणि ज्याला नाकारले, त्याला न्यायालयात जाऊन ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे म्हणता येत नाही. (कंपनी असेल तर संबंधित पक्षांशी व्यवहार करण्यावर कंपनी कायद्याची काही बंधने येतात, पण ती भागधारकांच्या रक्षणासाठी आहेत, नाकारलेल्या पुरवठादाराच्या रक्षणासाठी नाहीत.) शासन किंवा स्थानिक संस्था खरेदी करते तेव्हाही तिला संविधानाचा अनुच्छेद १४ लागू असतो. कंत्राट मिळण्याचा हक्क कोणालाच नाही. परंतु समान वागणूक मिळण्याचा हक्क प्रत्येक देकार देणाऱ्याला आहे.

या विषयातील सर्वांत परिचित निकाल १९७९ चा, रमणा दयाराम शेट्टी यांच्या खटल्यातला आहे. मुंबईच्या विमानतळावर उपाहारगृह चालवण्यासाठी देकार मागवले होते आणि नोंदणीकृत दुसऱ्या श्रेणीचा हॉटेलचालक व किमान पाच वर्षांचा अनुभव, अशी अट घातली होती. प्राधिकरणाने ज्याचा देकार स्वीकारला, त्याला उपाहारगृहे चालवण्याचा अनुभव होता, पण तो त्या अटीत बसत नव्हता. खासगी मालक म्हणाला असता, ‘माणूस कामाचा आहे, अटीचे काय घेऊन बसलात?’ सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले की जो निकष तुम्ही स्वतः जाहीर केला, त्याने तुम्हीही बांधलेले आहात. कारण अट शिथिल होणार आहे हे ठाऊक असते, तर आणखी किती तरी जणांनी देकार दिले असते. जो आलाच नाही त्याच्यावरही अन्याय होतो, हा विचार खासगी खरेदीत कधी करावा लागत नाही.

गंमत अशी की एवढे सांगूनही न्यायालयाने ते कंत्राट रद्द केले नाही. अर्जदार उशिरा आला होता आणि दरम्यान दुसऱ्याने खर्च करून काम सुरू केले होते. तत्त्व मात्र राहिले, आणि १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालये साधारणपणे निर्णय कसा घेतला हे तपासतात, निर्णय शहाणपणाचा होता की नाही हे तपासत नाहीत.

अभ्यासिका_गंगापूररोड

मी राज्यसेवेचा अभ्यास करते. या चर्चेचा निष्कर्ष पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे द्यावा असाच निघतो ना? खासगी व्यवस्थापन कार्यक्षम असते आणि लोकप्रशासन नियमबद्ध असते, असेच आम्हाला शिकवले आहे.

निवृत्त_पाणीपुरवठा

नाही हो ताई, धाग्याचा प्रश्न तो नाही. शिवाय कंपनीकडे द्यायचे म्हटले तरी ती कंपनी निवडायला निविदाच काढावी लागेल आणि ती पंपाच्या निविदेपेक्षा दसपट अवघड असेल.

पण तुमच्या प्रश्नामुळे हेतूचा मुद्दा निघाला, तो सांगतो. मी काम केलेल्या एका गावात टेकडीवर चाळीस घरांची वाडी होती. तेथे पाणी चढवायला वेगळा छोटा पंप आणि वेगळी जलवाहिनी होती, आणि त्या चाळीस घरांची सगळी पाणीपट्टी वसूल झाली तरी त्या पंपाचे वीजबिल निघत नसे. अंबडकरांच्या कारखान्यात एखादा सुटा भाग तोट्यात जाऊ लागला तर ते पुढच्या महिन्यात तो बनवणे बंद करतील, आणि ते योग्यच ठरेल. वाडीचे पाणी बंद करा असे आमच्या सभेत कोणी म्हणू शकत नव्हते, म्हणणाऱ्याला वाडीने पुढच्या निवडणुकीत घरी बसवले असते. त्यामुळे ‘कार्यक्षम’ हा शब्द दोन्हीकडे एका मापाने मोजता येत नाही. कारखान्याला एका युनिटमागे किती नफा झाला हे पाहता येते. आम्हाला शेवटच्या नळाला किती मिनिटे पाणी आले हे पाहावे लागते. अर्थात ते तरी आम्ही नीट मोजत होतो असे मी म्हणणार नाही.

पंचवटीचा_पुरवठादार

माझे प्रकरण थोडे वेगळे आहे, पण येथे विचारतोच. मी पाणी शुद्ध करण्याची टीसीएल पावडर पुरवतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याचा रात्री फोन आला की पाणी गढूळ आले आहे, साठा संपला आहे, सकाळी माल पाठवा, कागद नंतर करू. मी गाडी भरून माल पाठवला. माल वापरला गेला आणि भांडारात नोंदही झाली. बिल १,८०,००० रुपयांचे होते. दरम्यान त्या अधिकाऱ्याची बदली झाली आणि नवे अधिकारी म्हणतात की पुरवठा आदेशच नाही, तर बिल कसे काढू? कारखान्यांना मी फोनवर माल देतो आणि आजवर कोणी असे म्हटले नाही. हा सरळ विश्वासघात नाही का?

कॉलेजरोडची_वकील

तुमचा राग समजतो, पण नव्या अधिकाऱ्याची अडचणही खरी आहे. कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याने फोनवर मागणी केली, तर त्याला तो अधिकार आहे असे तुम्ही सामान्यतः धरून चालू शकता आणि मालकाला सहसा हात झटकता येत नाहीत. शासकीय करार मात्र कायद्याने सांगितलेल्या नमुन्यात, सांगितलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने झाला नाही, तर तो शासनावर बंधनकारक होत नाही. राज्य शासनासाठी ही अट संविधानाच्या अनुच्छेद २९९ मध्ये आहे, तर स्थानिक संस्थांसाठी त्यांच्या त्यांच्या अधिनियमांत करार करण्याची रीत घालून दिली आहे. अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दाने सार्वजनिक निधी अडकू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

तरीही तुम्ही अगदी उघड्यावर पडलेले नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट देण्याचा हेतू नसताना तुम्ही कायदेशीरपणे काही दिले आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने ते परत करावे किंवा भरपाई द्यावी. १९६२ चा पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल हा निकाल नेमका यावर आहे. पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ठेकेदाराने गोदामाच्या शेड बांधल्या होत्या, करार विधिवत नव्हता, तरी सरकारने शेड वापरल्या म्हणून भरपाई द्यावी लागली. लक्षात घ्या, ही भरपाई आहे, कराराची किंमत नाही. भांडारातील नोंदीची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात आधी मिळवा, कारण लाभ घेतल्याचा पुरावा तोच आहे. मात्र मुदतीचा कायदा विसरू नका. साधारण तीन वर्षे उलटून गेली असतील तर प्रकरण अवघड होते. तारखा सांगितल्याशिवाय यापुढे काही सांगता येणार नाही.

सिन्नरचा_व्यापारी

माझा मुद्दा अजून कायम आहे. नियम एवढे असूनही गैरव्यवहार होतातच. तीन दरपत्रके एकाच दुकानातून येतात हे गावातल्या लहान मुलालाही माहीत आहे. मग त्या ५८ दिवसांचा उपयोग काय?

निवृत्त_पाणीपुरवठा

होतात, नाकारत नाही. पण सरकारी खरेदीतला गैरव्यवहार कागदावर खुणा सोडतो आणि त्या कोणालाही पाहता येतात, एवढा तरी फरक आहे. तीन दरपत्रकांत एकच शुद्धलेखनाची चूक असते. २०१६ च्या राज्य शासनाच्या खरेदी नियमपुस्तिकेत ई-निविदेची मर्यादा तीन लाख रुपये होती. अशी मर्यादा असली की एकाच आठवड्यात, एकाच पुरवठादाराकडून, दोन लाख नव्वद हजारांच्या आसपासच्या दोन-तीन खरेद्या दिसतात. हे काम तुकडे पाडून केलेले असते. किंवा विनिर्देशात एखादे असे माप घातलेले असते की बाजारात ते एकाच कंपनीच्या पंपाला बसते. आम्हाला कंपनीचे नाव लिहिता येत नाही, फार तर ‘किंवा समतुल्य’ जोडून लिहिता येते, म्हणून नाव न लिहिता माप लिहिण्याची ही युक्ती आहे.

तुमच्या सिन्नरच्या एखाद्या कारखान्यातला खरेदी अधिकारी दलाली घेत असेल, तर ते फक्त मालकाला कळू शकते, तेही कळले तर. नगरपंचायतीची नस्ती, म्हणजे त्या कामाची फाईल, मात्र माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून कोणीही मागू शकतो आणि कार्यालयाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. केवळ निर्णय नव्हे, टिपणीही मागता येते; कोणी काय शेरा मारला, कोणत्या दिवशी मारला, हे सगळे. मी प्रत्येक टिपणी लिहिताना दहा वर्षांनी एखादा अनोळखी माणूस ती वाचणार आहे असे समजून लिहीत असे. त्यामुळे लेखन सावध होते आणि निर्णय लांबतो. ‘मला वाटते’ असे मी नोकरीत कधी लिहिले नाही, ‘नियम अमुकनुसार सादर’ असेच लिहिले.

अंबडचा_खरेदीदार

पण दिरंगाईलाही कायदा आहे ना? सरकारी कर्मचाऱ्याने नस्ती सात दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असे मी वाचले आहे.

निवृत्त_पाणीपुरवठा

आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम, ज्याला सगळे दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्यात सामान्य नस्तीसाठी एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाचे दिवस ही मर्यादा आहे. पण हे सात दिवस दर टेबलाला आहेत. नस्ती सात टेबलांवरून फिरली आणि प्रत्येकाने कायद्याचे काटेकोर पालन केले, तर ४९ कामकाजाचे दिवस जातात आणि कोणीही दोषी ठरत नाही.

मला नोकरीभर खुपलेली गोष्ट याच्याही पुढची आहे. एकदा मी निविदा न काढता दोन दिवसांत पंप बसवून घेतला. आणीबाणीत असे काम करवून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. अध्यक्षांनी लेखी निर्देश द्यायचा आणि पुढच्या सभेला कारणांसह कळवायचे. सगळे रीतसर केले होते, तरी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की आणीबाणी कशावरून ठरवली, आणि त्याचे अनुपालन करायला मला तीन वर्षे लागली. ज्या वर्षी ५८ दिवस लागले, त्या वर्षी एकही आक्षेप नव्हता. नियम मोडल्यावर लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद निघतो, उशीर केल्यावर निघत नाही. मग तरुण अभियंता काय शिकेल, ते तुम्हीच सांगा.

कॉलेजरोडची_वकील

काका, येथे मी थोडी असहमत आहे. आणीबाणीचा तो दरवाजा रुंद केला तर दर एप्रिलमध्ये आणीबाणी येईल. पंप जळणे ही आकस्मिक घटना आहे, पण उन्हाळा येणे आकस्मिक नाही. लेखापरीक्षकाने ‘जादा पंप का ठेवला नव्हता?’ असे विचारले असेल, तर तो प्रश्न मला रास्त वाटतो.

निवृत्त_पाणीपुरवठा

जादा पंपाचा प्रस्ताव दोनदा पाठवला होता. ‘चालू पंप सुस्थितीत असताना दुसऱ्याची गरज काय?’ असा शेरा मारून तो परत आला होता. तोही त्याच नस्तीत आहे.

मात्र एक मान्य करतो. आम्हाला आधी ठरवावे लागते, तर आधीच ठरवून ठेवण्याचा मार्गही आहे. एप्रिलपूर्वीच पंपदुरुस्ती, मोटार गुंडाळणे आणि बदली पंप पुरवणे यांच्या दरांची निविदा काढून वर्षाचा दरकरार केला, तर पंप जळाल्यावर फक्त कार्यादेश द्यायचा राहतो. माझ्या शेवटच्या पोस्टिंगमध्ये आम्ही तसे केले आणि पुढची मोटार जळाली तेव्हा चौथ्या दिवशी पाणी आले. तुमच्या एका दिवसाशी बरोबरी नाही, अंबडकर, पण ५८ दिवसही नाहीत.

अंबडचा_खरेदीदार

मग गावाच्या नगरपंचायतीत असा दरकरार होता का, हेच आधी विचारतो. माहिती अधिकाराचा अर्ज वडिलांच्या नावाने करणार आहे. पंपाच्या नस्तीच्या टिपण्या आणि चालू वर्षाचा दरकरार, एवढेच मागतो. उत्तर आले की येथे लिहीन.

पंचवटीचा_पुरवठादार

वकीलताई, तारखा पाहिल्या. माल पोहोचून दोन वर्षे सात महिने झाले आहेत. भांडार नोंदीचा अर्ज सोमवारीच टाकतो.